सौदा फिसकटला, मग दलाली कशाची?

पुण्यात कोथरूडला एका जुन्या सोसायटीत दोन खोल्यांचा फ्लॅट विकायचा आहे, असं समजू. मालकांनी जून महिन्यात ओळखीच्या एजंटला सांगितलं, ‘गिऱ्हाईक आणा, डील झालं की दोन टक्के देतो.’ कागदावर काहीच नाही, सगळं तोंडी. एजंटनं पाच-सहा पार्ट्यांना घर दाखवलं. त्यातलं एक जोडपं छप्पन्न प्रश्न विचारून ८६ लाखांपर्यंत आलं. पण बँकेनं कर्ज नाकारलं आणि २० जुलैला त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं, ‘आम्ही थांबतोय.’ सप्टेंबरात खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी आपल्या बहिणीसाठी चौकशी केली. ८४ लाखांना ठरलं, साठेखत झालं, नोंदणीही झाली. नोव्हेंबरात एजंटची नोटीस आली : दोन टक्क्यांनी १ लाख ६८ हजार रुपये पंधरा दिवसांत द्या, नाही तर कोर्टात जाऊ.

अशी नोटीस हातात पडली की मालक एक तर घाबरून ‘काहीतरी देऊन मिटवू’ म्हणतो, किंवा संतापून फोनवर चार शब्द सुनावतो. दोन्ही महागात पडतं. आधी पाहायचं ते हे की दलाली नेमकी कशाबद्दल देय होते.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २१९ मध्ये याचं उत्तर आहे. वेगळा करार नसेल, तर सोपवलेलं काम पूर्ण होईपर्यंत एजंटचा मोबदला देय होत नाही. एजंटनं घातलेले हेलपाटे, केलेले फोन, जाहिरातीचा खर्च यांना स्वतंत्र भाव नाही. ‘डील झालं की’ असं ठरलेलं असताना डीलच झालं नाही, तर त्याचा धोका एजंटनं आधीच पत्करलेला असतो. दहा घरं दाखवून एक विकलं तर त्या एकाची दलाली मिळते, त्यातूनच बाकीच्या नऊंचा खर्च निघतो. हा धंदा चालतोच असा.

म्हणून कोर्टात प्रश्न उभा राहतो तो असा : झालेला व्यवहार या एजंटमुळे झाला का? आणि इथे मालकानं स्वतःशी प्रामाणिक राहायला हवं. सर्वोच्च न्यायालयासमोर १९५० मध्ये कलकत्त्याच्या एका घराचं प्रकरण आलं होतं. अब्दुल्ला अहमद या दलालाला मालकानं १९४३ मध्ये महिनाभरासाठी लेखी अधिकारपत्र दिलं होतं. त्यानं ठरलेल्या किमतीला तयार असलेले खरेदीदार आणले. मालकानं नंतर अधिकार रद्द केला आणि त्याच खरेदीदारांनी पुढे केलेल्या व्यक्तीला ते घर कमी किमतीत विकलं. न्यायालयानं दलालाची बाजू उचलून धरली. गिऱ्हाईक एजंटनं आणलेलं आणि त्याला वगळून मागच्या दारानं त्याच्याशीच किंवा त्याच्या नातेवाइकाशी व्यवहार, असं असेल, तर दलाली बुडवता येत नाही. ती देऊनच टाकावी.

आपल्या उदाहरणात तसं नाही. एजंटचं जोडपं वेगळं आणि खरेदीदार वेगळे. शेजाऱ्यांना घर विकाऊ असल्याचं मालकांकडूनच कळलं. तरीही उत्तर लिहिण्यापूर्वी दोन गोष्टी तपासायच्या. एक, आपण कुठे सही केली आहे का? काही एजंट ‘अमुक महिने फक्त आमच्यामार्फत’ असा मजकूर असलेला फॉर्म भरून घेतात. ‘या काळात कोणीही विकलं तरी दलाली देय’ असं त्यात असेल, तर तो वेगळा करार ठरतो आणि कलम २१९ चा आधार लटका पडतो. दोन, कर्ज मिळालेलं असताना आणि सगळं ठरलेलं असताना मालकानंच ऐनवेळी माघार घेतली होती का? तसं असेल तर एजंटची बाजू जड होते आणि वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय उत्तर देऊ नये.

आमच्या उदाहरणातलं उत्तर असं असावं :

‘महोदय, आपली नोटीस मिळाली. तिच्यातील मागणी मला मान्य नाही. जूनमध्ये आपल्यात तोंडी ठरलं ते एवढंच की आपण आणलेल्या खरेदीदाराशी व्यवहार पूर्ण झाल्यावर दोन टक्के दलाली द्यायची. कोणताही लेखी करार नाही आणि फक्त आपल्यामार्फतच विक्री करण्याचं बंधन मी स्वीकारलेलं नाही. आपण आणलेल्या खरेदीदारांनी २० जुलै रोजी स्वतः माघार घेतली. तो संदेश सोबत जोडला आहे. त्यानंतर झालेली विक्री वेगळ्या व्यक्तीला झाली. त्यांची आणि आपली भेट, बोलणी किंवा ओळख मी किंवा आपण कधीही घडवून आणलेली नाही. आपला दावा वेगळा असेल, तर आपण त्यांना घर कधी दाखवलं, याचा पुरावा पाठवावा. करार कायद्याच्या कलम २१९ प्रमाणे दलाली देय झालेली नाही. माझे सर्व हक्क अबाधित ठेवून हे उत्तर देत आहे. घराची किल्ली व कागदांच्या प्रती सात दिवसांत परत कराव्यात.’

यात प्रत्येक वाक्याला काम आहे. काय ठरलं होतं, ते मालकानं आपल्या शब्दांत आधी मांडलं. माघार कोणी घेतली, ते तारखेसह दाखवलं. पुरावा देण्याचा भार जिथे असायला हवा तिथे, म्हणजे दलाली मागणाऱ्यावर ठेवला. ‘तुम्ही खूप कष्ट घेतलेत, थोडंफार देऊ’ असं यात नाही, कारण असं एक वाक्य कोर्टात देणं कबूल केल्यासारखं वाचलं जाऊ शकतं. कष्टांची जाण म्हणून काही द्यायचं असेल, तर ते वेगळं बसून, ‘संपूर्ण आणि अंतिम’ अशी सही घेऊनच द्यावं.

रेराची धमकीही टाळावी. रेरा कायद्याखाली एजंटची नोंदणी लागते ती बिल्डर विकत असलेल्या नोंदणीकृत प्रकल्पांसाठी. वीस-पंचवीस वर्षं जुन्या इमारतीतल्या फेरविक्रीला ती अट लागू नाही. चुकीचा कायदा उद्धृत केला की उत्तरातली खरी गोष्टही संशयास्पद वाटते.

उत्तर पोच मिळेल अशा टपालानं पाठवावं आणि ईमेलवरही त्याची प्रत द्यावी. नोटिशीला उत्तर दिलं नाही म्हणून लगेच पैसे देणं लागत नाही. पण पुढे न्यायाधीश ‘तेव्हाच का नाकारलं नाही?’ असं विचारू शकतात. पैशाच्या अशा दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. तोवर एजंटशी झालेले संदेश, त्यानं आणलेल्या पार्ट्यांची नावं व तारखा आणि नोंदणीकृत दस्ताची प्रत एका फायलीत राहू द्यावी. फोनवर पुन्हा वाद सुरू झाला तर एवढंच सांगावं, ‘माझं म्हणणं मी लेखी कळवलं आहे.’