क्रेडिट किती, आणि कुठल्या तारखेपर्यंत?

नव्या कंपनीला क्लाउड विकणारे सुरुवातीला पैसे मागत नाहीत, उलट देतात. म्हणजे रोख नव्हे, क्रेडिट. सर्व्हर, डेटाबेस, साठवण यांचं महिन्याचं बिल तयार होतं आणि त्यातून क्रेडिटची रक्कम वजा होते. ॲमेझॉन, गुगल, मायक्रोसॉफ्ट या तिघांचेही स्टार्टअपसाठी असे कार्यक्रम आहेत. इन्क्युबेटर किंवा गुंतवणूकदाराच्या ओळखीने गेलं तर रक्कम मोठी मिळते. त्यामागचं गणित सरळ आहे: एकदा डेटा आणि प्रोग्रॅम एका क्लाउडवर बसले की ते उचलून दुसरीकडे नेणं जिकिरीचं असतं, आणि क्रेडिट संपल्यावर गिऱ्हाईक तिथेच राहतं.

गोची होते ती बोलण्यात ठरलेल्या अटींची. पुण्यातली चार माणसांची एक कंपनी डोळ्यांसमोर आणा. विक्रेत्याचा माणूस फोनवर सांगतो, "पंचवीस हजार डॉलरचं क्रेडिट देतो, दोन वर्षं निवांत वापरा." फाउंडर हिशेब मांडतो आणि गुंतवणूकदारांना दाखवायच्या तक्त्यात क्लाउडच्या खर्चासमोर दोन वर्षं शून्य लिहितो. पहिले सहा महिने दरमहा 900 डॉलरचा वापर होतो, पुढचे सहा महिने 1400 चा. वर्षात 13,800 डॉलर वापरले गेले, 11,200 शिल्लक. तेराव्या महिन्यात कार्डावर 1500 डॉलरचं बिल पडतं, वर 18 टक्के जीएसटी. बिलिंगच्या पानावर पाहावं तर क्रेडिटची मुदत एकच वर्षाची होती आणि शिल्लक रद्द झालेली. मुदत खरोखर दोन वर्षांची असती, तर तेवढ्या शिलकीत आणखी सात महिने सहज निघाले असते.

फोनवरच्या शब्दावर आता भांडता येतं का? फारसं नाही. क्रेडिटचा कोड टाकताना आपण ज्या अटींवर टिचकी मारतो, त्यांत साधारणपणे असं कलम असतं की हाच संपूर्ण करार, याआधीचं सगळं बोलणं रद्द. लेखी कराराच्या विरोधात तोंडी पुरावा सहसा चालत नाही, हे तत्त्व आपल्या 1872 च्या पुरावा कायद्यातही होतं आणि त्याच्या जागी आलेल्या नव्या कायद्यातही आहे. ईमेलचं मात्र तसं नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 10अ नुसार, करार इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला एवढ्याच कारणावरून तो अवैध ठरत नाही. म्हणून पत्र पाठवायचं ते कोड टाकण्याआधी. एकदा टिचकी मारली की विचारण्याचं बळ निम्मं जातं.

पत्र इंग्रजीतच जाईल. आशय साधारण असा असावा:

"नमस्कार. मंगळवारी फोनवर बोलल्याप्रमाणे आमच्या कंपनीला क्रेडिट मंजूर झाल्याचं आपण सांगितलं. कोड वापरण्याआधी पुढील गोष्टी लेखी कळवाव्यात ही विनंती. आमच्या बिलिंग खात्याचा क्रमांक सोबत दिला आहे. या खात्यात नेमकी किती रक्कम जमा होणार आणि ती एकदम की टप्प्याटप्प्याने? मुदत कधीपासून मोजणार: मंजुरीच्या, कोड टाकण्याच्या की पहिल्या वापराच्या दिवसापासून? शेवटची तारीख कोणती आणि ती कुठल्या प्रमाणवेळेनुसार? कोणत्या सेवांना हे क्रेडिट लागू नाही? मुदतीअखेर शिल्लक राहिल्यास वाढ मिळते का, आणि ती कधीपर्यंत मागावी लागते? आपलं उत्तर आणि कार्यक्रमाच्या छापील अटी यांत फरक असल्यास काय ग्राह्य धरायचं, तेही कळवावं."

यातला खाते क्रमांक क्षुल्लक वाटतो, पण घोळ तिथेच जास्त होतात. कंपनी नोंदवण्याआधी एखाद्या भागीदाराने आपल्या खासगी ईमेलवर खातं उघडलेलं असतं, कोड त्यात टाकला जातो, आणि क्रेडिट बहुधा दुसऱ्या खात्यात वळवता येत नाही.

'एकदम की टप्प्याटप्प्याने' हा प्रश्न का, हे गुगलच्या कार्यक्रमावरून कळतं. 2022 मध्ये जाहीर झालेल्या रचनेत दोन वर्षांत मिळून दोन लाख डॉलरपर्यंत क्रेडिट होतं. त्यात पहिल्या वर्षी एक लाखाच्या मर्यादेत सगळा वापर माफ, पण दुसऱ्या वर्षी बिलाचा फक्त 20 टक्के भाग माफ, तोही एक लाखापर्यंत. म्हणजे दुसरा लाख पुरता पदरात पडायला वर्षभरात पाच लाखांचा वापर हवा. कार्यक्रमाच्या पानावर हे सगळं लिहिलेलं होतं, लपवाछपवी काही नाही. पण फोनवर ऐकणाऱ्याच्या कानात 'दोन लाख' एवढंच राहतं.

प्रमाणवेळेचा प्रश्न किरकोळ म्हणून गाळू नये. ॲमेझॉनचं बिलिंग यूटीसीने चालतं, म्हणजे तिथली मध्यरात्र ही आपली पहाटेची साडेपाच. गुगल क्लाउडचा हिशेब अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेने होतो. शेवटच्या रात्री मोठं काम लावणाऱ्याला याने फरक पडतो.

सेवांच्या यादीत बाहेरच्या कंपन्यांचं सॉफ्टवेअर हमखास वगळलेलं असतं. क्लाउडच्याच बाजारपेठेतून ते घेतलं तरी त्याचे पैसे बहुधा खिशातूनच जातात. डोमेनची नोंदणी आणि वर्षाचं आगाऊ आरक्षण यांचंही अनेकदा तसंच.

पत्र कुणाला पाठवायचं? अकाउंट मॅनेजरला तर पाठवाच, पण तो वर्षभरात दुसरीकडे गेलेला असू शकतो. म्हणून तोच मजकूर बिलिंगच्या मदत विभागात तक्रार-नोंद म्हणूनही टाका. ॲमेझॉनकडे बिलिंगच्या प्रश्नाला सशुल्क सपोर्ट लागत नाही. नोंदीला क्रमांक मिळतो, आणि माणूस बदलला तरी ती खात्यात राहते.

उत्तर पुष्कळदा गोडगोड येतं: कार्यक्रमाच्या अटींनुसार सगळं होईल, शुभेच्छा. यात ना रक्कम ना तारीख, म्हणजे हे उत्तर नव्हेच. मग आकडे आपणच लिहून पुन्हा पाठवावे, 'बरोबर असल्यास फक्त हो म्हणा' एवढी सोय करून. 'चूक असल्यास कळवा' असं मात्र लिहू नये. समोरचा गप्प बसला तर त्या गप्प बसण्याला होकार मानत नाहीत.

'हो' आल्यावरही कोड टाकल्याच्या दिवशी बिलिंगमधलं `Credits` हे पान उघडून रक्कम आणि मुदतीची तारीख ईमेलशी ताडून पाहावी. जुळत नसेल तर त्याच धाग्यावर, त्याच दिवशी लिहावं. पानाचा फोटो हिशेब पाहणाऱ्याकडे द्यावा.

खर्चाच्या इशाऱ्यातही एक खोच आहे. ॲमेझॉनवर बजेट बांधून इशारा लावला, तर काही मांडण्यांत क्रेडिट वजा करूनच खर्च मोजला जातो. बिल शून्य, म्हणून इशारा वाजतच नाही, आणि क्रेडिट संपल्यावर एकदम आकडा दिसतो. बजेटच्या मांडणीतून क्रेडिट वगळलं, किंवा `Cost Explorer` मध्ये `Charge type` खाली `Credit` बाजूला काढलं, की खरा वापर दिसतो. तो दरमहा पाहणाऱ्याला सहाव्या महिन्यातच कळतं की शिल्लक मुदतीत संपणार नाही. मुदतवाढ मागायची ती तेव्हा, वापराचे आकडे जोडून. मुदत टळून गेल्यावर केलेल्या विनंतीला बहुतेक ठिकाणी नकारच येतो.