रिकाम्या लेथचा हिशेब

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत पावसाळ्याच्या दिवसांत गेलात, तर पंप बनवणाऱ्या लहान कारखान्यांत यंत्रांचा आवाज कमी झालेला असतो. शेतीपंपाची खरी मागणी उन्हाळ्यात. फेब्रुवारी ते मे लेथला उसंत नसते, मग पुढचे महिने ती दिवसातला बराच वेळ उभी राहते. नेमका याच वेळी मालकापुढे प्रश्न येतो: पंपातला इम्पेलर, म्हणजे पाणी फेकणारे चक्र, बाहेरून तयार घ्यायचे की कास्टिंग आणून आपल्याच लेथवर करायचे?

प्रश्न साधा वाटतो. हिशेब मात्र बहुतेक ठिकाणी चुकीचा मांडला जातो, आणि चुकतो तो बेरजेत नाही, खर्चाच्या निवडीत.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, प्रमाण मात्र अशा कारखान्यांत सहज दिसेल असे आहे. मंदीच्या महिन्यात कारखाना ५०० पंप करतो, म्हणजे ५०० इम्पेलर लागतात. बाहेरचा पुरवठादार नगाला ३०० रुपये मागतो. मालक हिशेबनिसाला घरचा खर्च काढायला सांगतो. तो लिहून देतो: कास्टिंग १६०, कटिंगचे इन्सर्ट आणि कूलंट १२, वीज ८, ऑपरेटरची मजुरी ४०, कारखान्याचा वरखर्च ११०. एकूण ३३०. मालक म्हणतो, बाहेर ३० रुपये स्वस्त आहे, ऑर्डर देऊन टाका.

या ३३० मधली प्रत्येक ओळ एकाच प्रश्नावर घासून पाहायला हवी: इम्पेलर बाहेरून घेतला, तर हा रुपया खिशातून जायचा थांबेल का?

कास्टिंगचे १६० थांबतील. इन्सर्टचे १२ थांबतील. विजेचे ८ थांबतील, कारण ते फक्त जळालेल्या युनिटचे आहेत. बिलातला स्थिर आकार यंत्र बंद ठेवले तरी येतोच, तो या ओळीत धरायचा नाही. मजुरीशी जरा थांबू. आपल्या उदाहरणात दोन पाळ्यांचे दोन ऑपरेटर कायम आहेत. मंदीत त्यांना घरी पाठवले, तर फेब्रुवारीत तसा हात पुन्हा मिळत नाही, म्हणून मालक त्यांना पूर्ण पगार देतो. मग इम्पेलर केला काय, न केला काय, पगार तोच. या निर्णयापुरते ते ४० रुपये शून्य. तुम्हाला इम्पेलरसाठी नवा माणूस ठेवावा लागणार असेल, तर मात्र त्याचा सगळा पगार मोजायला हवा. एकच ओळ, पण कारखाना बदलला की तिचे उत्तर बदलते.

उरले वरखर्चाचे ११०. शेडचे भाडे, सुपरवायझरचा पगार, विमा, यंत्राचा घसारा, यातले काहीही इम्पेलर बाहेर गेला म्हणून कमी होत नाही. लेथ किती लाखांना घेतली आणि तिच्या कर्जाचा हप्ता किती, हेही इथे गैरलागू. ते पैसे आधीच गुंतले आहेत आणि हप्ता दोन्ही वाटांनी भरायचाच आहे.

म्हणजे घरी केल्याने खरोखर वाढणारा खर्च १८० रुपये. बाहेरची किंमत ३००. स्वस्त वाटणारी ऑर्डर नगामागे १२० रुपयांनी महाग आहे, महिन्याला ६०,०००. दोन्ही आकडे जीएसटी सोडून घेतले आहेत, कारण भरलेल्या कराची वजावट मिळते. कारखाना कंपोझिशन योजनेत असेल, तर ती मिळत नाही आणि कर किमतीत धरावा लागतो.

उलट बाजूने घरी करण्याचे काही खर्च या पत्रकात लिहिलेच जात नाहीत. पुरवठादाराकडे बिघडलेला नग त्याचा, आपल्याकडे बिघडलेला आपला. शंभरात चार बिघडले, तर महिन्याला सुमारे २० नग गेले. भंगाराचे ५० रुपये वजा जाता प्रत्येकी १३०, म्हणजे २,६०० रुपये. बचत उरली ५७,४००. फिक्स्चर आणि गेजसाठी ९०,००० एकदाच घालावे लागले, तर ते दोन महिन्यांच्या आत सुटतात.

हिशेबनिसाच्या पद्धतीत आणखी एक सापळा आहे. वरखर्च महिन्याला १,९८,००० आहे. यंत्र ३६० तास चालते असे धरले, तर ताशी ५५० रुपये येतात. इम्पेलरला १२ मिनिटे लागतात, म्हणून ११०. पण काम बाहेर दिल्यावर यंत्र २५० तासच चालले, तर तोच वरखर्च ताशी ७९२ होतो आणि इम्पेलरच्या वाट्याला १५८ येतात. घरचा खर्च आता ३७८ दिसतो आणि बाहेर देण्याचा निर्णय अधिकच बरोबर वाटू लागतो. मग दुसरा भागही बाहेर जातो, दर आणखी चढतो. मला हे फार वाईट वाटते, कारण चांगली लेथ आणि चांगला कारागीर कागदावरच्या भागाकारामुळे बेकार होतात. अमेरिकी अर्थतज्ज्ञ जे. मॉरिस क्लार्क यांनी १९२३ मध्ये वरखर्चावर लिहिलेल्या ग्रंथात हेच बजावले होते, की वेगवेगळ्या कामांसाठी खर्च वेगवेगळा मोजावा लागतो.

आता दुसरी बाजू, आणि हिशेब कळला म्हणणारेही इथेच घसरतात. १८० चा आकडा लेथ रिकामी आहे तोवरच खरा. मंदीत ५०० पंपांच्या केसिंगला प्रत्येकी अर्धा तास, म्हणजे २५० तास लागतात. इम्पेलरचे १०० आणि बिघडलेल्यांचे चार मिळून ३५४ तास होतात, ते ३६० मध्ये बसतात. हंगामात मात्र ७०० केसिंगनाच ३५० तास हवेत. तेव्हा इम्पेलर लावला, तर केसिंग मागे पडते आणि पंप विकायचा राहतो. एका पंपामागे बदलते खर्च जाऊन ९०० रुपये उरत असतील, तर लेथचा तास १,८०० रुपये मिळवतो. इम्पेलर त्याच तासात जेमतेम ५५२ वाचवतो. हंगामात इम्पेलर बाहेरूनच घ्यावा, अगदी पुरवठादाराने ३३० मागितले तरी.

रिकाम्या तासांना दुसरे गिऱ्हाईक असेल, तरी हीच तुलना करायची. जॉबवर्कला इन्सर्ट आणि वीज जाऊन ताशी ३५० सुटत असतील, तर इम्पेलर बरा. ७०० सुटत असतील, तर जॉबवर्क घ्या आणि इम्पेलर विकत आणा.

आठ महिने घरी आणि चार महिने बाहेर, असे उत्तर निघाले, तरी पुरवठादाराला आठ महिने विसरून चालत नाही. फेब्रुवारीत सगळ्यांनाच माल हवा असतो आणि तो आधी नेहमीच्या गिऱ्हाइकाला देतो. मंदीतही महिन्याला १०० नग त्याच्याकडून घेतले, तर सुमारे साडेअकरा हजारांची बचत सोडावी लागते. माझ्या मते ती सोडावी.

हे पत्रक दरवर्षी नव्याने मांडा. लेथ बदलायची वेळ आली किंवा शेडचा करार संपला, की आज न थांबणारे खर्च त्या दिवशी थांबवता येतात आणि मग तेही मोजावे लागतात. आणि पंपाची विक्री किंमत ठरवताना १८० चा आकडा चुकूनही वापरू नका. भाडे, पगार आणि हप्ता अखेर पंप विकूनच भरायचे आहेत.