पासबुकातली शिल्लक वाढत असते तेव्हा

सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाला वर्षातून दोनदा महागाई भत्त्याच्या घोषणेची वाट पाहता येते. खासगी कारखान्यातून बाहेर पडलेल्याला ती सोय नाही. १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेतून मिळणारी रक्कम एकदा ठरली की महागाई वाढली म्हणून आपोआप वाढत नाही. घरखर्च भागवायचा तो भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि साठवलेल्या पैशांतून. दर वर्षी त्यातून आदल्या वर्षापेक्षा थोडी जास्त उचल करायची. मग अशी पुंजी असावी तरी किती?

घरोघरी मांडला जाणारा हिशेब सोपा असतो. समजा, साठीला आलेल्या एका जोडप्याला महिना ५० हजार, म्हणजे वर्षाला ६ लाख रुपये लागतात. ठेवीवर ८ टक्के व्याज मिळतं. ७५ लाखांवर ८ टक्के म्हणजे बरोबर ६ लाख, तेव्हा ७५ लाख पुरेत आणि मुद्दल मुलांना राहील. पहिल्या वर्षापुरता हा हिशेब बरा दिसतो. पण महागाई ६ टक्के असेल, तर त्याच डाळ-तांदळाला, त्याच औषधांना दुसऱ्या वर्षी ६ लाख ३६ हजार लागतात आणि बाराव्या वर्षानंतर दुप्पट. उचल अशी वाढत गेली आणि ती वर्षाच्या सुरुवातीला केली, तर ७५ लाख चौदा वर्षं पुरतात. पंधराव्या वर्षी लागतात साडेतेरा लाख आणि खात्यात उरलेले असतात जेमतेम सव्वा लाख. नवरा-बायको तेव्हा चौऱ्याहत्तरीचे असतात.

खरी रक्कम काढायची तर स्वयंपाकघरातल्या डब्यांसारखा विचार करावा. पंचवीस वर्षांचे पंचवीस डबे. पहिल्या डब्यात आजच ६ लाख हवेत, कारण ते लगेच काढायचे आहेत. दुसऱ्या डब्यातून वर्षभराने ६ लाख ३६ हजार निघायला हवेत, पण त्यावर वर्षभर ८ टक्के मिळणार आहेत, म्हणून आज ५ लाख ८९ हजार ठेवले की झालं. तिसऱ्यात ५ लाख ७८ हजार. प्रत्येक पुढचा डबा मागच्यापेक्षा दोन टक्क्यांहून जरा कमीने लहान होत जातो, कारण महागाई रक्कम फुगवते आणि व्याज तिला मागे ओढतं. शेवटच्या, म्हणजे वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षाच्या डब्यातून २४ लाख २९ हजार निघायचे आहेत, आणि त्यासाठी आज ३ लाख ८३ हजार पुरतात. पंचवीस डब्यांची बेरीज येते १ कोटी २१ लाख. पहिल्या वर्षाच्या खर्चाच्या वीस पटींहून किंचित जास्त.

ज्यांच्या हाताशी एक्सेल आहे त्यांना डबे मोजत बसावं लागत नाही. कुठल्याही चौकटीत हे सूत्र टाकलं की तीच रक्कम येते:

```
=PV(1.08/1.06-1, 25, -600000, 0, 1)
```

पहिला आकडा महागाई वजा जाऊन उरणारा खरा परतावा. तो आठातून सहा गेले म्हणून २ टक्के धरायचा नाही, भागाकार केला की १.८९ टक्के येतो. फरक क्षुल्लक वाटतो, पण २ टक्के धरले तर पुंजी दीड लाखाने कमी दिसते. शेवटचा १ म्हणजे उचल वर्षाच्या सुरुवातीला.

या सूत्रातला नाजूक भाग व्याज आणि महागाई यांच्यामधलं अंतर. ज्येष्ठ नागरिक बचत योजना असो वा बँकेची ठेव, व्याज करपात्र असतं. त्यावर २० टक्के कर जात असेल तर ८ टक्क्यांचे ६.४ उरतात आणि पुंजी लागते १ कोटी ४३ लाख. परतावा आणि महागाई सारखीच झाली, तर सगळे डबे सारखे होतात आणि पंचवीस वर्षांना बरोबर पंचवीस पट, म्हणजे दीड कोटी. आयुष्य नव्वदीपर्यंत धरायचं असेल, तर मूळ हिशेबातही १८ लाखांची भर लागते.

आता समजा १ कोटी २१ लाख जमले आणि सगळं हिशेबाप्रमाणे चाललं. पुढची गोष्ट या विषयातली सर्वांत फसवी. शिल्लक कमी होत नाही, वाढते. पहिली उचल होऊनही वर्षअखेर खात्यात १ कोटी २४ लाख दिसतात. पुढच्या वर्षअखेर १ कोटी २७ लाख. अकराव्या वर्षाच्या सुरुवातीला आकडा १ कोटी ४२ लाखांवर जातो. दर वर्षी खर्च करूनही पैसे वाढलेले पाहून कोणालाही वाटेल की आपण उगाच काटकसर केली. त्यानंतर मात्र उतार लागतो. विसाव्या वर्षी १ कोटी ४ लाख, तेविसाव्या वर्षी ६४ लाख, आणि पंचविसावी उचल झाली की शून्य.

अकराव्या वर्षीच नेमका मुलाचा फ्लॅट ठरतो. मूळ रकमेपेक्षा २१ लाख जास्त आहेत, तर २० लाख द्यायला काय हरकत, असं आईवडिलांना वाटणं अगदी स्वाभाविक आहे. पण ते वरचे पैसे नव्हतेच, ते शेवटच्या वर्षांच्या डब्यांत वाढत होते. २० लाख दिले की पैसे तेविसाव्या वर्षाच्या मध्येच संपतात. वय तेव्हा ब्याऐंशी.

म्हणून दर वर्षी नुसती शिल्लक पाहू नये. शिल्लकेला त्या वर्षीच्या उचलीने भागावं. ८ आणि ६ टक्क्यांच्या या हिशेबात पंचवीस वर्षं उरली असताना भागाकार २०.२ हवा, पंधरा उरली असताना १३.२, दहा उरली असताना ९.२ आणि पाच उरली असताना ४.८. अकराव्या वर्षी १ कोटी ४२ लाखांना पावणेअकरा लाखांनी भागलं की १३.२ येतात. म्हणजे वर काहीच नाही. २० लाख काढले तर ११.३ उरतात, आणि धोका त्याच दिवशी कळतो.

हीच भागाकाराची सवय बाजारातल्या पडझडीतही उपयोगी पडते. पुंजी म्युच्युअल फंडात असेल आणि दरमहा एसडब्ल्यूपीने पैसे येत असतील, तर परतावा दर वर्षी ८ टक्के मिळत नाही. कधी २०, कधी उणे. विसाव्या वर्षी एकदा २० टक्क्यांची घसरण झाली, तर पैसे चोविसाव्या वर्षात संपतात. तीच घसरण पहिल्याच वर्षी आली आणि पुढे ८ टक्के अखंड मिळाले, तरी अठराव्या वर्षात संपतात. खाली आलेल्या पुंजीतून उचल चालूच राहते आणि भरून यायला तेवढे पैसेच मागे राहत नाहीत. अशा जोडप्याकडे दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला ९२ लाख असतात. चोवीस वर्षांना हवा असलेला १९.५ हा भागाकार टिकवायचा तर त्यांना वर्षाला ४ लाख ७१ हजारांवर यावं लागतं. ठरलेले महिना ५३ हजार सोडून ३९ हजारांत घर चालवायचं, किंवा पुढची सात वर्षं कमी धरायची, हा निर्णय त्यांना निवृत्तीच्या दुसऱ्याच वर्षी घ्यावा लागतो.