ब्रेकआउट दिसला की लगेच घ्यायचं, की रिटेस्टची वाट बघायची? निफ्टीच्या एका वर्षाचा हिशेब



शेअर बाजार शिकायला लागलं की हा प्रश्न पहिल्या महिन्यातच पडतो. चार्टवर एक पातळी दिसते, भाव तिथून दोन-तीनदा मागे फिरलेला असतो, आणि एके दिवशी तो ती पातळी तोडून वर जातो. आता काय करायचं? लगेच घ्यायचं, की भाव पुन्हा त्या पातळीपर्यंत खाली येऊन तिथे टिकतो का, हे बघून मग घ्यायचं? या दुसऱ्या पद्धतीला रिटेस्ट म्हणतात.

बहुतेक ठिकाणी याचं उत्तर एका ओळीत मिळतं: "रिटेस्टला घ्या, स्वस्तात मिळतं." हे उत्तर अर्धवट आहे. काही वेळा तर सरळ चुकीचं आहे. ते कसं, हे आपण खऱ्या आकड्यांवर बघू. निफ्टी ५० चा २०२३ चा डेली चार्ट उघडा. त्या एकाच वर्षात तीन ब्रेकआउट झाले आणि तिन्हींचा शेवट वेगळा झाला.

आधी एक गोष्ट समजून घ्या. भाव तुटलेल्या पातळीला परत का येतो? १ डिसेंबर २०२२ ला निफ्टीने १८,८८७ चा उच्चांक केला आणि नंतर घसरत मार्च २०२३ मध्ये १७,००० च्या खाली गेला. ज्यांनी वर घेतलं होतं ते अडकले. भाव पुन्हा तिथे आल्यावर "मुद्दल सुटलं, बास" म्हणत ते विकतात, म्हणून ती पातळी छतासारखी काम करते. भाव ती तोडून वर गेला की विकणारे संपत आलेले असतात आणि ज्यांची संधी हुकली ते खाली येण्याची वाट बघत बसतात. भाव परत आला की हेच लोक घेतात आणि छताची जमीन होते. पण घेणारे खरंच आहेत का, हे भाव तिथे येऊन थांबल्याशिवाय कळत नाही.

पहिला ब्रेकआउट: रिटेस्ट आला, पण चार महिन्यांनी

२८ जून २०२३ ला निफ्टीने १८,८८७ ची पातळी तोडली आणि १८,९७२ ला बंद झाला. हिशेब सोपा जावा म्हणून असं धरू की तुम्ही निफ्टीचा ईटीएफ घेताय आणि एका युनिटची किंमत निफ्टीच्या शंभराव्या भागाइतकी आहे. एका सौद्यात जास्तीत जास्त २,००० रुपये तोटा सोसायचा, असं तुमचं ठरलंय.

लगेच घेणाऱ्याने १८९.७२ ला घेतलं. स्टॉपलॉस कुठे लावणार? अगदी १८,८८७ च्या खाली लावला तर साध्या चढउतारातही तो उडेल. म्हणून आधीच्या आठवड्यातल्या तळाखाली, समजा १८,६४० ला. म्हणजे एका युनिटमागे जोखीम साधारण ३.३० रुपये. २,००० भागिले ३.३०, म्हणजे ६०६ युनिट. गुंतवणूक सुमारे १ लाख १५ हजार.

वाट बघणारा थांबला. निफ्टी काही खाली आला नाही. २० जुलैला तो १९,९९१ पर्यंत गेला, म्हणजे हजार पॉइंट समोरून निघून गेले. बघा, बहुतेक लोक इथे मोडतात. तीन आठवडे थांबतात आणि मग वैतागून १९,९०० ला घेतात. हा ब्रेकआउटही नाही आणि रिटेस्टही नाही. जवळचा स्टॉपलॉस लावायला तिथे जागाच नसते.

जो खरंच थांबला, त्याला २६ ऑक्टोबर उजाडेपर्यंत थांबावं लागलं. त्या दिवशी निफ्टी १८,८३७ पर्यंत घसरला आणि १८,८५७ ला बंद झाला, म्हणजे आपल्या पातळीच्या ३० पॉइंट खाली. मग पातळी तुटली का? पट्टीने मारलेली रेघ समजलात तर तुटली. पण १९,००० च्या निफ्टीत ३० पॉइंट म्हणजे पाव टक्काही नाही. पातळीकडे थोड्या जाडीचा पट्टा म्हणून बघायचं. तरीही त्या दिवशी घ्यायचं नाही, कारण टिकल्याचा पुरावा अजून मिळालेला नाही. तो दुसऱ्या दिवशी मिळाला. २७ ऑक्टोबरला निफ्टी १९,०४७ ला बंद झाला, म्हणजे पट्ट्याच्या स्पष्ट वर.

आता गंमत बघा. रिटेस्टवाल्याने घेतलं १९,०४७ ला. लगेच घेणाऱ्याने जूनमध्ये घेतलं होतं १८,९७२ ला. चार महिने थांबून याला ७५ पॉइंट महाग पडलं! मग "स्वस्तात मिळतं" हे कुठे गेलं?

फायदा दुसरीकडे झाला. आता स्टॉपलॉससाठी ताजा आणि स्पष्ट तळ मिळाला होता, १८,८३७. त्याच्या जरा खाली, १८,८२० ला स्टॉपलॉस. जोखीम युनिटमागे २.२७ रुपये. त्याच २,००० रुपयांच्या जोखमीत ८८१ युनिट आले. १ डिसेंबरला निफ्टी २०,२६७ ला बंद झाला, तेव्हा जूनवाल्याचा नफा साधारण ७,८५० रुपये होता आणि ऑक्टोबरवाल्याचा साधारण १०,७५०. महाग घेऊनही जास्त, आणि तेही पाच आठवड्यांत. मात्र त्याला १ लाख ६८ हजार गुंतवावे लागले, हे विसरू नका. तेवढी रक्कम हाताशी नसेल तर युनिट कमी येतील आणि हा फायदाही तेवढा कमी होईल. आणि हो, दुकानाच्या मालासाठी ठेवलेले पैसे यात धरायचे नाहीत.

म्हणजे रिटेस्टमध्ये सवलत मिळतेच असं नाही. तुम्ही थांबता ते माहितीसाठी: पातळीवर घेणारे आहेत का, आणि आपण चुकलो हे कुठल्या भावाला कळेल.

दुसरा ब्रेकआउट: जिथे थांबल्याने पैसे वाचले

याच मधल्या काळात आणखी एक प्रकार झाला. जुलैचा उच्चांक १९,९९१ होता. १३ सप्टेंबरला निफ्टी पहिल्यांदा २०,००० च्या वर, २०,०७० ला बंद झाला. सगळीकडे वीस हजारांचा जल्लोष. लगेच घेणाऱ्याने २०,०७० ला घेतलं आणि आदल्या दिवशीच्या तळाखाली, समजा १९,९०० ला स्टॉपलॉस लावला. दोन दिवस छान गेले, निफ्टी २०,२२२ पर्यंत पोहोचला. १९ सप्टेंबरला गणेश चतुर्थीची सुट्टी होती. २० तारखेला बाजार पडला आणि निफ्टी १९,९०१ ला बंद झाला, २१ तारखेला १९,७४२ ला. या दोन दिवसांत स्टॉपलॉस उडाला. २,००० रुपये गेले.

वाट बघणाऱ्याचं काय झालं? २० तारखेला भाव त्याच्या पातळीला आला खरा, पण थांबलाच नाही. बंद भाव पातळीच्या ९० पॉइंट खाली, दुसऱ्या दिवशी आणखी खाली. पट्ट्याच्या वर बंद होणं झालंच नाही, म्हणून खरेदीही झाली नाही. तोटा शून्य.

इथे एक चूक फार जण करतात. १९,९९१ ला लिमिट ऑर्डर किंवा जीटीटी लावून कामाला निघून जातात आणि म्हणतात, मी रिटेस्टला घेतो. २० सप्टेंबरला ती ऑर्डर पडत्या भावात भरली गेली असती! भाव पातळीला शिवला की ऑर्डर भरते, टिकला का हे ती बघत नाही. म्हणून खरेदीची ऑर्डर न लावता प्राइस अलर्ट लावा. अलर्ट वाजला की दुपारी तीन वीसच्या सुमारास एकदा चार्ट बघा. भाव पट्ट्याच्या वर बंद होताना दिसत असेल तरच घ्या. दुकान सांभाळणाऱ्याला दिवसभर स्क्रीनसमोर बसायची गरज नाही, दहा मिनिटं पुरतात.

तिसरा ब्रेकआउट: जो परत आलाच नाही

आता थांबण्याची किंमत. १ डिसेंबर २०२३ ला निफ्टी सप्टेंबरचा २०,२२२ चा उच्चांक ओलांडून २०,२६७ ला बंद झाला. शुक्रवार होता. रविवारी, ३ तारखेला, चार राज्यांच्या विधानसभेचे निकाल लागले आणि सोमवारी निफ्टी मोठ्या गॅपने उघडून २०,६८६ ला बंद झाला. वर्षअखेर, २९ डिसेंबरला, तो २१,७३१ वर होता. २०२४ मध्ये लोकसभेच्या निकालादिवशी, ४ जूनला, एवढी मोठी पडझड झाली, तरी निफ्टी २१,२८१ च्या आसपासच थांबला. २०,२२२ चा रिटेस्ट आला नाही.

शुक्रवारी २०,२६७ ला घेऊन २०,००० ला स्टॉपलॉस लावणाऱ्याला २,००० रुपयांच्या जोखमीत साधारण ७४६ युनिट आले असते आणि वर्षअखेर नफा १०,९०० च्या आसपास. वाट बघणाऱ्याला काहीच नाही. सगळ्यात जोरदार ब्रेकआउट बहुधा असेच असतात, मागे वळून न बघणारे. म्हणून फक्त रिटेस्टलाच घेणाऱ्याच्या हातून यातले काही कायमचे सुटतात. ही त्या पद्धतीची फी आहे. ती मान्य नसेल तर ती पद्धत तुमची नाही.

मग करायचं काय?

ज्यांना दोन्हीपैकी एक निवडवत नाही, त्यांनी जोखीम निम्मी-निम्मी करावी, असं माझं मत आहे. लक्षात घ्या, निम्मी करायची ती जोखीम, गुंतवणूक नव्हे. ब्रेकआउटच्या बंद भावाला १,००० रुपयांच्या जोखमीइतके युनिट घ्या आणि उरलेले १,००० रिटेस्ट टिकला तरच वापरा. आपल्या वर्षावर हे लावून बघा. जूनमध्ये ३०३ युनिट, ऑक्टोबरमध्ये आणखी ४४०, दोन्ही नफ्यात. सप्टेंबरमध्ये तोटा २,००० ऐवजी १,०००, कारण दुसरा हप्ता सुरूच झाला नाही. डिसेंबरमध्ये पूर्ण नफ्याऐवजी निम्मा, साधारण ५,४५०. कुठल्याच सौद्यात सगळ्यात पुढे नाही, पण कुठे पूर्ण हुकलेलंही नाही.

हे सगळं निफ्टीचं झालं, ज्यात रोज प्रचंड उलाढाल असते. एखाद्या छोट्या शेअरमध्ये दिवसाला काही हजार शेअरच फिरत असतील, तर तिथे पाव टक्क्याचा पट्टा चालणार नाही आणि स्टॉपलॉसही हव्या त्या भावाला सुटेलच असं नाही. तिथे पट्टा रुंद धरावा लागतो, म्हणजे युनिट कमी. अडीच-तीन टक्क्यांचा पट्टा धरून जोखमीचं गणित बसत नसेल, तर तो शेअर सोडून द्या.

आज एक काम करा. २०२३ चा हाच चार्ट उघडा, १८,८८७, १९,९९१ आणि २०,२२२ या तीन रेघा मारा, आणि प्रत्येक ठिकाणी तुम्ही कधी घेतलं असतं, स्टॉपलॉस कुठे असता, किती युनिट आले असते, ते वहीत लिहा. मग तुमच्या ओळखीच्या एखाद्या शेअरचे मागचे दहा ब्रेकआउट घ्या आणि किती परत आले, परत आलेल्यांपैकी किती टिकले, ते मोजा.