आग स्पिरिटला नाही, वाफेला लागते

प्रयोगशाळेत छोटी आग लागून विझली की प्रयोगशाळा सहाय्यकाला अहवाल लिहावा लागतो. त्यात बहुतेकदा एकच वाक्य असते: ‘विद्यार्थ्याच्या निष्काळजीपणामुळे आग लागली.’ आमच्या महाविद्यालयाच्या रसायन प्रयोगशाळेत अशी आग लागली तेव्हा मी ते वाक्य लिहायचे टाळले, कारण त्यातून पुढच्या वर्गाला काहीच कळत नाही.

प्रात्यक्षिक नेहमीचे होते. अशुद्ध नॅप्थलीन गरम स्पिरिटमध्ये विरघळवायचे, गाळायचे आणि थंड करून शुद्ध स्फटिक मिळवायचे. शंकुपात्रात सुमारे 40 मिलीलिटर स्पिरिट होते आणि ते विजेच्या वॉटर बाथवर ठेवले होते, म्हणजे त्याखाली ज्योत नव्हती. मात्र त्याच ओट्यावर, हातभर अंतरावर, दुसऱ्या जोडीने ज्वलन चाचणीसाठी बर्नर पेटवला होता. बर्नरची ज्योत हलू नये म्हणून पंखे बंद होते.

स्पिरिट 78 अंशांच्या आसपास उकळते, पण काचेचे पात्र स्वच्छ व गुळगुळीत असेल तर ते तापमान ओलांडूनही द्रव कधी कधी शांत राहतो. म्हणूनच तापवण्यापूर्वी त्यात पोर्सेलीनचे बारीक तुकडे टाकतात, म्हणजे त्यांच्यापाशी बुडबुडे तयार होऊन द्रव संथ उकळतो. इथे तुकडा टाकायचा राहिला होता आणि तो तापलेल्या द्रवात टाकला गेला. साठलेली उष्णता एकदम बाहेर पडली, स्पिरिट फसफसून ओट्यावर सांडले आणि क्षणात बर्नरकडून निळसर ज्योत पात्राच्या तोंडापर्यंत धावत आली.

बर्नर दूर असताना आग पात्रापर्यंत कशी आली, असे मुलांनी विचारले. स्पिरिट द्रवरूपात जळत नाही; जळते ती त्याची हवेत मिसळलेली वाफ. 10 मिलीलिटर स्पिरिटची सुमारे 4 लिटर वाफ होते आणि हवेत तिचे प्रमाण साधारण साडेतीन टक्के झाले तरी मिश्रण पेट घेते. ही वाफ हवेपेक्षा दीडपटीहून जड असते. निवली की ती खाली बसते आणि ओट्यावरून पसरत जाते. बर्नरपाशी ती पेटली आणि आग तिच्याच वाटेने मागे आली.

त्यानंतर काय केले, ते अहवालात क्रमाने लिहिले. आधी सर्वांना मागे हटवले, मग ओट्याचा गॅसचा मुख्य कॉक आणि वॉटर बाथचे बटण बंद केले. पात्र उचलले नाही. जळते पात्र हातात घेऊन धावणे हा सर्वांत मोठा धोका, कारण ते हिंदकळले की आग कपड्यांवर येते. लांब चिमट्याने वॉच ग्लास बाजूने सरकवून पात्राचे तोंड झाकले. हवा तुटली आणि आतली ज्योत विझली. ओट्यावरच्या स्पिरिटवर कोरडी वाळू टाकली. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर हाताशी आणून ठेवला, पण वापरला नाही. त्याचा जोरदार झोत जवळून मारला असता तर पात्र उलटले असते. पात्र पूर्ण गार होईपर्यंत झाकण काढले नाही, कारण आत वाफ असते आणि हवा मिळाली की ती पुन्हा पेटू शकते. स्पिरिटची ज्योत उजेडात नीट दिसत नाही, म्हणून ट्यूबलाइट बंद करून ओटा पुन्हा तपासला. एका विद्यार्थ्याचा हात किंचित भाजला होता. तो वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरायला लावला आणि नंतर त्याला डॉक्टरांकडे पाठवले.

कारण म्हणून मी तीन गोष्टी लिहिल्या: उकळीचा तुकडा उशिरा पडला, एकाच ओट्यावर द्रावक आणि उघडी ज्योत एकत्र आली, आणि वाफ बाहेर नेणारी सोय तिथे नव्हती. पहिली गोष्ट एका मुलाच्या हातून घडली. उरलेल्या दोन वेळापत्रकाच्या आणि मांडणीच्या आहेत. म्हणून उपायही तसेच सुचवले. द्रावक तापवायचे ते फ्यूम कपाटातच. त्या तासाला बर्नर लागणारे प्रात्यक्षिक ठेवायचे नाही. तुकडा पात्रात पडल्याचे शिक्षकांनी पाहिल्यावरच वॉटर बाथ वापरायचा. विसरला असेल तर आधी द्रव निवू द्यायचा.

ज्योत हटवली की सगळे संपले, असे मात्र नाही. ईथरची वाफ 160 ते 180 अंशांच्या आसपास ज्योतीशिवायच पेटते, आणि विजेची हॉट प्लेट त्याहून कितीतरी जास्त तापते. म्हणून अहवालात वेगळी ओळ घातली: ईथरसाठी हॉट प्लेट वापरायची नाही, इतरत्र तापवलेल्या पाण्याचाच बाथ घ्यायचा. प्रत्येक उपायापुढे तो कोण करणार आणि कधीपर्यंत, यासाठी रकाना ठेवून अहवाल विभागप्रमुखांच्या सहीसाठी दिला. फ्यूम कपाटाचा पंखा दुरुस्त होईपर्यंत नॅप्थलीनचे प्रात्यक्षिक थांबवावे, ही नोंद त्यात सर्वांत वर आहे.