गळ्यातली गाठ: सोनोग्राफी कधी, सुई कधी

थायरॉइड ही गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून बसलेली ग्रंथी. दोन बाजूंना दोन पाळ्या आणि मधे त्यांना जोडणारा अरुंद पूल, असा तिचा पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा आकार असतो. प्रौढ माणसात तिचे वजन साधारण १५ ते २० ग्रॅम भरते आणि निरोगी असताना ती सहसा डोळ्यांना दिसत नाही. श्वासनलिकेला जखडलेली असल्यामुळे घोट घेताना ती वर सरकते. म्हणूनच गळ्यावर फुगवटा दिसला की डॉक्टर रुग्णाला पाण्याचा घोट गिळायला सांगतात. फुगवटा घोटाबरोबर वर गेला तर तो बहुधा थायरॉइडचा असतो. कातडीखालची चरबीची गाठ किंवा मानेतली लसिकाग्रंथी अशी वर-खाली होत नाही.

संपूर्ण ग्रंथी वाढली तर त्याला गलगंड म्हणतात आणि ग्रंथीत एका जागी वेगळा गोळा तयार झाला तर ती गाठ. अनेक गाठींमुळे ग्रंथी मोठी झाली असेल तर दोन्ही नावे एकाच गळ्याला लागू पडतात. गलगंड म्हणजे फक्त वाढलेला आकार. ग्रंथीचे काम जास्त होते आहे, कमी होते आहे की ठीक चालले आहे, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी रक्तातील टीएसएच तपासावे लागते.

गलगंडाचे जुने आणि ठळक कारण म्हणजे आयोडीनची उणीव. थायरॉइडचे संप्रेरक आयोडीनशिवाय बनत नाही. ते कमी पडू लागले की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टीएसएच सोडून थायरॉइडला कामाला जुंपते आणि या रेट्याने थायरॉइड वाढत जाते. हिमालयाच्या पायथ्याच्या प्रदेशात जमिनीतले आयोडीन पाण्याबरोबर वाहून गेलेले असल्याने तिथे गलगंड घरोघरी दिसे. १९५६ पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिठातून आयोडीन देऊन त्याचा परिणाम तपासला, आणि १९६२ मध्ये केंद्र सरकारने गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. आयोडीनयुक्त मीठ घरोघरी पोचलेल्या भागांत आता गलगंडामागे हाशिमोटोचा दाह, म्हणजे शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने थायरॉइडवर केलेला हल्ला, किंवा वयानुसार वाढत जाणाऱ्या गाठी ही कारणे जास्त आढळतात.

सगळीकडून सारखा, गुळगुळीत वाढलेला गलगंड असेल आणि टीएसएच व अँटिबॉडीच्या तपासणीतून कारण समजले असेल, तर सोनोग्राफी करायलाच हवी असे नाही. उलट हाशिमोटोच्या दाहात ग्रंथी आतून ठिगळे लावल्यासारखी दिसते, त्या ठिगळांची अहवालात ‘गाठी’ म्हणून नोंद होते आणि घरात विनाकारण घबराट पसरते. सोनोग्राफी लागते ती हाताला वेगळी गाठ लागते तेव्हा, एक बाजू दुसरीपेक्षा मोठी वाटते तेव्हा, किंवा दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये थायरॉइडची गाठ दिसते तेव्हा. गिळायला अडचण, आडवे पडल्यावर धाप लागणे, हात डोक्यावर उंच धरले की चेहरा लाल होणे ही लक्षणे असतील तर गलगंड छातीच्या हाडामागे उतरलेला असू शकतो. हाडाआडचे सोनोग्राफीला दिसत नाही, तिथे सीटी स्कॅन करावा लागतो.

गाठ सापडल्यावर पहिली पायरी पुन्हा टीएसएचचीच. ते कमी आले तर गाठ स्वतःच जादा संप्रेरक बनवत असण्याची शक्यता असते. अशा वेळी किरणोत्सर्गी द्रव्याचा सूक्ष्म डोस देऊन थायरॉइड स्कॅन काढतात. द्रव्य भरभरून शोषणाऱ्या गाठीला ‘गरम’ गाठ म्हणतात. तिच्यात कर्करोग क्वचितच असतो, म्हणून तिथे सहसा सुई घालत नाहीत, जादा संप्रेरकावर उपचार करतात. द्रव्य न शोषणारी ती ‘थंड’ गाठ. हा शब्द ऐकून अनेकांच्या छातीत धस्स होते, पण बहुसंख्य थंड गाठीही निरुपद्रवीच असतात. टीएसएच नेहमीइतके किंवा जास्त असेल तर स्कॅनची गरज नसते, निर्णय सोनोग्राफीवर होतो.

सोनोग्राफीत गाठीच्या आकारापेक्षा तिचे रूप महत्त्वाचे. पाण्याने भरलेली किंवा स्पंजासारखी जाळीदार गाठ बहुतेक निर्धोक असते. भरीव, आजूबाजूच्या ग्रंथीपेक्षा काळसर, वेड्यावाकड्या कडांची, रुंदीपेक्षा उंचीला जास्त आणि आत मिठाच्या कणांसारखे चमकणारे ठिपके असलेली गाठ संशयास्पद. या खुणांना गुण देऊन त्यांची बेरीज करण्याची पद्धत आहे, तिला ‘टायरॅड्स’ म्हणतात. अमेरिकन रेडिओलॉजी संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत १ ते ५ अशा श्रेणी आहेत. पहिल्या दोन श्रेणींत सुई लागत नाही. तिसऱ्या श्रेणीत गाठ अडीच सेंटिमीटर, चौथ्यात दीड आणि पाचव्यात एक सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी असेल तर सुईने नमुना घ्यावा, असा संकेत आहे.

समजा, ४५ वर्षांच्या एका बाईंना साडीच्या दुकानातल्या आरशात गळ्याच्या उजव्या बाजूला फुगवटा दिसला. टीएसएच नेहमीइतके आले. सोनोग्राफीत उजव्या पाळीत १.८ सेंटिमीटरची आणि डावीकडे २.२ सेंटिमीटरची गाठ आढळली. घरच्यांचे सारे लक्ष साहजिकच मोठ्या गाठीकडे. पण डावीकडची गाठ स्पंजासारखी आहे, तिला शून्य गुण, म्हणजे पहिली श्रेणी आणि सुई नको. उजवीकडची भरीव आहे, त्याचे २ गुण. काळसर आहे, त्याचे आणखी २. कडा गुळगुळीत, रुंदी उंचीपेक्षा जास्त, चमकणारे ठिपके नाहीत, त्यामुळे बाकी शून्य. बेरीज ४, म्हणजे चौथी श्रेणी, आणि माप दीड सेंटिमीटरच्या पुढे. सुई लहान गाठीतच घालायची.

गाठ संशयास्पद असूनही लहान असेल तर थांबायचे कशाला, असा प्रश्न इथे पडतो. त्याचे उत्तर दक्षिण कोरियाच्या अनुभवात सापडते. तिथे १९९९ मध्ये राष्ट्रीय कर्करोग तपासणी सुरू झाली आणि त्याच्याच जोडीला थोडे जादा पैसे घेऊन अनेक दवाखाने थायरॉइडची सोनोग्राफीही करू लागले. २०११ पर्यंत थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण १९९३ च्या पंधरापट झाले. मृत्यूंचे प्रमाण मात्र होते तिथेच राहिले. शोधल्या नसत्या तर आयुष्यभर त्रास न देणाऱ्या बारीक गाठी शोधून असंख्य लोकांच्या ग्रंथी काढल्या गेल्या होत्या. तक्रार नसताना सरसकट थायरॉइडची सोनोग्राफी करू नये, हा धडा त्यातलाच. मात्र आवाज बसणे, गाठ झपाट्याने वाढणे, ती दगडासारखी टणक लागणे, मानेत लसिकाग्रंथी सुजणे, लहानपणी मानेला किरणोपचार मिळालेले असणे किंवा घराण्यात थायरॉइडचा कर्करोग असणे, यांपैकी काही असेल तर मापाचे नियम सैल करावे लागतात.

सुईच्या तपासणीला एफएनएसी म्हणतात. रुग्णाला मानेखाली उशी देऊन झोपवतात आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत रक्त काढण्याच्या सुईपेक्षा सहसा बारीक सुई गाठीत नेतात. दोन-चार वेळा पेशी ओढून त्या काचपट्टीवर पसरतात. सारे काही मिनिटांत उरकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगाव्यात. सुईमुळे गाठ चिडते किंवा कर्करोग पसरतो ही भीती आपल्याकडे फार खोल रुजलेली आहे, पण थायरॉइडच्या बाबतीत असे पसरणे अत्यंत दुर्मीळ आहे.

अहवाल बेथेस्डा पद्धतीच्या सहा गटांत येतो. पहिला गट म्हणजे पुरेशा पेशी मिळाल्याच नाहीत. किमान सहा पुंजके आणि प्रत्येकात निदान दहा पेशी, इतका साधारण हिशेब असतो. तो जमला नाही तर सुई पुन्हा घालावी लागते. पहिला गट म्हणजे ‘काही नाही’ असा अर्थ घेऊ नये. दुसरा गट निर्धोक, त्यात कर्करोग निघण्याची शक्यता शंभरात सुमारे ४. सहावा गट कर्करोगाचा, तिथे निदान शंभरात सुमारे ९७ वेळा खरे ठरते. पाचवा दाट संशयाचा, शंभरात सुमारे ७४. या दोन्ही गटांत बहुधा शस्त्रक्रिया सुचवतात, तीही अनेकदा एकाच पाळीपुरती. अगदी लहान, एक सेंटिमीटरपर्यंतच्या कर्करोगावर लगेच शस्त्रक्रिया न करता नियमित सोनोग्राफीने लक्ष ठेवण्याची पद्धत जपानमध्ये कोबेच्या कुमा हॉस्पिटलने १९९३ पासून राबवली आणि ती आता इतरत्रही स्वीकारली गेली आहे.

खरी कोंडी तिसऱ्या आणि चौथ्या गटात होते. तिसऱ्यात पेशी थोड्या वेगळ्या दिसतात, पण नेमके काही म्हणता येत नाही. कर्करोगाची शक्यता शंभरात सुमारे २२. चौथा गट फॉलिक्युलर प्रकारच्या गाठीचा. तिथे शक्यता सुमारे ३०. ही पॅथॉलॉजिस्टची कुचराई नसते, सुईचीच ती मर्यादा असते. फॉलिक्युलर गाठ साधी असो की कर्करोगाची, तिच्या पेशी सुट्या पाहिल्या तर सारख्याच दिसतात. फरक असतो तो गाठीभोवतीचे वेष्टण फोडून किंवा रक्तवाहिनीत शिरून पेशी बाहेर पडल्या आहेत का, यात. सुई गाठीच्या पोटातल्या पेशी आणते, वेष्टण आणत नाही. म्हणून चौथ्या गटात अनेकदा ती पाळीच काढून, वेष्टणाचे काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते. जनुकीय तपासणीने काही शस्त्रक्रिया टळू शकतात, पण ती महाग आहे.

उदाहरणातल्या बाईंचा अहवाल तिसऱ्या गटात आला, असे धरू. अशा वेळी लगेच ऑपरेशनची तारीख घेण्याऐवजी बहुधा सुई पुन्हा घालतात, आणि दुसऱ्यांदा बऱ्याच जणांचा अहवाल स्पष्ट येतो. त्यांचा दुसऱ्या गटात आला. आता एक ते दोन वर्षांनी पुन्हा सोनोग्राफी. गाठ वाढली असे तेव्हाच म्हणतात, जेव्हा निदान दोन मापांत वीस टक्के आणि किमान दोन मिलिमीटरची भर पडते. एखाद्या मिलिमीटरचा फरक यंत्र धरणाऱ्या हातामुळेही पडतो. ही तुलना जुन्या मापांशिवाय होऊच शकत नाही, तेव्हा पहिल्या सोनोग्राफीचा अहवाल आणि एफएनएसीच्या काचपट्ट्या मागून घेऊन घरी जपून ठेवाव्यात.