बावीस मिनिटांचा उशीर

22 जून 1981 च्या पहाटे हैदराबादेत पाऊस होता. तिथल्या राष्ट्रीय पोलीस अकादमीतल्या आयपीएस प्रशिक्षणार्थींना 5.50 ला कवायतीसाठी हजर व्हायचे होते. पाऊस असेल तर व्यायामशाळेत जमा, अशी सूचनाही आधीच लागली होती. मुले पोहोचली खरी, पण साधारण बावीस मिनिटे उशिरा. अकादमीच्या संचालकांना यात नुसता आळस दिसला नाही, संगनमत दिसले. त्यांनी प्रत्येकाकडून लेखी खुलासा मागवला, एकेकट्याला बोलावून विचारपूस केली आणि अनुप जयस्वाल हा या प्रकारातला एक म्होरक्या आहे असे मत बनवून त्याला काढण्याची शिफारस दिल्लीला पाठवली. जयस्वालने उशिराबद्दल दिलगिरी व्यक्त केली होती आणि आपण कोणाला चिथावले नाही असेही लिहून दिले होते. 9 नोव्हेंबर 1981 ला केंद्र सरकारचा आदेश निघाला. त्यात पाऊस नव्हता, उशीर नव्हता, म्होरक्या हा शब्द तर नव्हताच. प्रोबेशनच्या नियमांचा आधार घेऊन, हा उमेदवार आयपीएससाठी योग्य नसल्याने त्याला सेवामुक्त करण्यात येत आहे, एवढेच लिहिले होते.

आदेशाची भाषा पाहिली तर बोट ठेवायला जागा नाही. प्रोबेशन म्हणजे पारखून घेण्याचा काळ. माणूस कामाला उतरत नाही असे वाटले तर मालक त्याला निरोप देऊ शकतो, आणि त्यासाठी दोषारोपपत्र, साक्षी, उलटतपासणी असा सगळा संसार मांडावा लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1957 साली पुरुषोत्तमलाल धिंग्रा या रेल्वे कर्मचाऱ्याच्या खटल्यात हे स्पष्ट केले: प्रोबेशनवरच्या माणसाला त्या पदावर राहण्याचा हक्क नसतो, म्हणून त्याला साधेपणाने काढणे ही शिक्षा नव्हे. मात्र त्याच निकालात दुसरी बाजूही आली. गैरवर्तनाच्या आरोपावर उभे राहून काढले असेल, तर ती शिक्षाच. मग राज्यघटनेचे कलम 311 आड येते. त्यानुसार आरोप कळवल्याशिवाय आणि बाजू मांडण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय सरकारी नोकराला बडतर्फ करता येत नाही, आणि हे संरक्षण प्रोबेशनवरच्या माणसालाही आहे.

म्हणजे सगळा प्रश्न एका फरकावर येऊन थांबतो. न्यायालये त्याला हेतू आणि पाया यांतला फरक म्हणतात. ऐकायला तो केस चिरण्यासारखा वाटतो, पण उदाहरणाने सुटतो. समजा, एका कारकुनाविरुद्ध पैसे खाल्ल्याची तक्रार आली. साहेबाने कागद चाळले आणि ठरवले की खरे-खोटे करत बसण्यापेक्षा हा माणूस कायम करायला नको. इथे तक्रार हा हेतू झाला. त्याच्यावर कसलाही निष्कर्ष काढलेला नाही, तेव्हा आदेश टिकतो. पण साहेबाने त्या कारकुनाच्या मागे चार जणांचे जबाब घेतले, याने पैसे खाल्ले असा अहवाल तयार केला आणि त्या अहवालावरून दोन ओळींचा सभ्य आदेश काढला, तर तो अहवाल आदेशाचा पाया ठरतो. माणूस दोषी ठरलेला असतो, फक्त त्याला सांगितलेले नसते.

यात एक विचित्र गोष्ट आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. जो अधिकारी काहीच न तपासता, नुसत्या संशयावरून माणसाला घरी पाठवतो तो सुरक्षित राहतो, आणि ज्याने निदान थोडे खोलात जाण्याची तसदी घेतली तो अडकतो. न्यायालयांचे उत्तर असे की प्राथमिक चौकशीला कोणाचीच मनाई नाही, मनाई आहे ती पाठीमागे दोष ठरवायला. उत्तर तर्कशुद्ध आहे; ऐकणाऱ्याचे समाधान करतेच असे नाही.

जयस्वालची रिट याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने सुरुवातीलाच फेटाळली. सर्वोच्च न्यायालयात मात्र मूळ कागदपत्रे समोर आली आणि चित्र पालटले. 1984 च्या निकालात न्यायमूर्ती वेंकटरामय्या यांनी म्हटले की आदेश कितीही मोघम असला तरी तो एकटा वाचता येणार नाही. संचालकांची शिफारस हाच त्याचा पाया आहे, म्हणून दोन्ही सोबत वाचायला हवेत. तशी वाचली की अयोग्यतेचा बुरखा गळून पडतो आणि त्या पहाटेचा प्रसंग उरतो. तो प्रसंग नसता तर हा आदेशही निघाला नसता. इतरांना धडा मिळावा म्हणून या एकाला उदाहरण केले गेले, असेही न्यायालयाला दिसले. आदेश रद्द झाला आणि जयस्वालला ज्येष्ठता व थकीत पगारासह नोकरी परत मिळाली.

कधी कधी कागदपत्रे उघडावीच लागत नाहीत, आदेशच बोलतो. 1949 साली जगदीश मित्तर या हंगामी कारकुनाला दिलेल्या नोटिशीत तो सरकारी नोकरीत ठेवण्यास ‘अनिष्ट’ आढळला, असे लिहिले होते. ‘अयोग्य’ लिहिले असते तर चालले असते. अयोग्य म्हणजे या कामाला जमला नाही. अनिष्ट म्हणजे माणूसच वाईट. सर्वोच्च न्यायालयाने तो शब्द कलंक मानला. उलट, ‘काम व वर्तन समाधानकारक नाही’ हे शब्द कलंक नव्हेत, असे पवनेंद्र वर्मा यांच्या लखनौच्या खटल्यात 2001 साली ठरले. त्या निकालातला युक्तिवाद सरळ आहे: कायम न झालेल्या प्रत्येकाला ‘तू जमला नाहीस’ हे ऐकावेच लागते. कलंक ठरायला त्यापलीकडचे काही हवे. शिवाय तिथे तीन खुणा सांगितल्या आहेत: रीतसर चौकशीसारखी चौकशी झाली का, ती नैतिक अधःपतनाच्या किंवा गैरवर्तनाच्या आरोपांची होती का, आणि तिचा शेवट दोषी ठरवण्यात झाला का. तिन्ही खुणा जुळल्या तर आदेशाची भाषा कितीही गोड असो, ती शिक्षा.

कलंक आदेशातच असला पाहिजे असेही नाही. कोलकात्याच्या सत्येंद्रनाथ बोस केंद्रातल्या दीप्तीप्रकाश बॅनर्जी यांच्या आदेशात जुन्या पत्रांचा संदर्भ दिला होता. पुढचा मालक ती पत्रे मागवू शकतो, म्हणून त्यांतला मजकूरही आदेशाचाच भाग धरला जाईल, असे 1999 साली ठरले.

या सगळ्यामुळे अशा प्रकरणात वकील आधी तारखा मांडतो. तक्रार कधी आली, खुलासा कधी मागितला, अहवाल कधी झाला, आणि त्यानंतर किती दिवसांनी आदेश निघाला. वर्षभर कामाबद्दल एकही मेमो नाही आणि एका भांडणानंतर पंधरवड्यात ‘काम असमाधानकारक’ ठरते, तेव्हा न्यायाधीश मूळ फाईल मागवण्याची शक्यता वाढते. आपल्याकडच्या खासगी अनुदानित शाळांतही हीच गाठ पडते. 1977 च्या महाराष्ट्र कायद्यानुसार तिथे प्रोबेशन असते आणि काम किंवा वर्तन समाधानकारक नसेल तर महिन्याच्या नोटिशीवर किंवा महिन्याच्या पगारावर शिक्षकाला काढता येते. संस्थेने वेळोवेळी शेरे लिहून ते शिक्षकाला कळवलेले असतील तर तिचे म्हणणे पटते. शेऱ्यांची वही कोरी असेल आणि सापडते ती फक्त एका पालकाची तक्रार, तर संस्थेच्या वकिलाला घाम फुटतो.

जिंकलेल्याच्या हाती काय पडते, हेही पाहायला हवे. न्यायालय बहुधा एवढेच म्हणते की ही शिक्षा होती आणि ती चौकशीशिवाय दिली. आरोप खोटा होता असे ते सांगत नाही. त्यामुळे खुर्ची परत मिळालेल्या माणसाच्या टेबलावर काही दिवसांत रीतसर दोषारोपपत्र येऊ शकते. या वेळी त्यात आरोप लिहिलेले असतात, साक्षीदारांची यादी असते, आणि उत्तर द्यायला मुदतही दिलेली असते.